बाटली वर गेली, मग तिथे का राहिली नाही?

टेबलावर थंड पेयाची दोन लिटरची रिकामी बाटली, सायकलचा पंप आणि पत्र्याची एक खिट्टी बघून काहींच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतोय. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक पंप घेऊन कशाला आला, असा. त्याचं उत्तर सोपं आहे. न्यूटनने १६८७ साली जो ग्रंथ छापला त्याच्या नावातच ‘नैसर्गिक तत्त्वज्ञान’ हे शब्द आहेत. तेव्हा हा विषय मूळचा आमच्याच घरातला. मधल्या काळात तो शेजाऱ्यांकडे राहायला गेला, इतकंच.

आज सकाळी शाळेच्या मैदानावर सातवी ते नववीच्या मुलांबरोबर आम्ही ही बाटली उडवली. तिथे जे झालं, जे मुलांनी विचारलं, तेच इथे क्रमाने सांगतो. कारण मुलांना ‘रॉकेट अंतराळात कसं जातं’ हे सांगणं अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं: उपग्रह वर गेल्यावर खाली का पडत नाही? आणि या प्रश्नावर, खरं सांगायचं तर, मुलांइतकेच त्यांचे पालकही अडखळतात.

आधी बाटली. ती थंड पेयाचीच हवी, साध्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही. थंड पेयात वायू कोंडलेला असतो, म्हणून ती बाटली दाब सोसेल अशीच बनवलेली असते. तोंडात घट्ट रबरी बूच, बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आरपार काढलेला. बाटली उलटी उभी करायची आणि तिच्या गळ्याला जी कड असते ती या खिट्टीने धरून ठेवायची. खिट्टीला दहा मीटर लांब दोरी. पंपाची नळीही तितकीच लांब, म्हणजे हवा भरणारा माणूस बाटलीजवळ नको. हवा भरल्यावर खिट्टी सुटली नाही तर कोणीही जवळ जाऊन वाकून बघायचं नाही. आधी पंपाकडून हवा सोडायची. चरे पडलेली, चेपलेली बाटली फेकून द्यायची. काच किंवा धातूचं भांडं तर चुकूनही नाही. एवढं सांगून झालं की मग मजा.

सकाळी आम्ही तीन उड्डाणं केली. तिन्ही वेळा हवा तेवढीच, साठ पौंड; गॅरेजवाला गाडीच्या चाकात भरतो त्याच्या साधारण दुप्पट. बदललं ते फक्त पाणी.

पहिल्या वेळी पाणी अजिबात नाही, नुसती हवा. दोरी ओढली, फट् असा आवाज झाला आणि बाटली शाळेच्या पत्र्यापेक्षा थोडी वर जाऊन खाली आली. दुसऱ्या वेळी बाटली जवळजवळ गळ्यापर्यंत भरली. मुलांचा अंदाज होता की पाणी जास्त म्हणजे उंचीही जास्त. बाटली जड पावलांनी उठली, पुरुषभर वर गेली आणि अर्धं पाणी पोटात घेऊनच आडवी पडली. पुढच्या रांगेतली मुलं भिजली, तेव्हा तो प्रयोग सगळ्यांत लोकप्रिय ठरला. तिसऱ्या वेळी पाणी सहाशे मिलिलिटर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी. दोरी ओढली आणि बाटली दिसेनाशीच झाली. म्हणजे डोळ्यांना ती वर जाताना पकडताच आली नाही. मान वर केली तेव्हा ती आकाशात ठिपका होती.

उंची मोजायला एक मुलगी तीस मीटरवर कोनमापक घेऊन उभी होती. कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला नट बांधलेला. तिला कोन पन्नास अंश मिळाला. त्यावरून उंची निघाली साधारण सदतीस मीटर, म्हणजे बारा मजली इमारतीएवढी.

आता असं का? आम्ही मुलांना विचारलं, बाटली वर कशामुळे गेली? बहुतेकांचं उत्तर: पाणी जमिनीवर आपटलं आणि जमिनीने बाटलीला ढकललं. हे उत्तर चुकीचं आहे, पण मूर्खपणाचं नाही. आपण उडी मारतो तेव्हा जमिनीलाच रेटा देतो, त्या अनुभवातून ते आलेलं आहे. पण ते खरं असतं तर अंतराळात, जिथे रेटायला जमीनही नाही आणि हवाही नाही, तिथे रॉकेट निरुपयोगी ठरलं असतं. होडीतून धक्क्यावर उडी मारणाऱ्याला आठवून बघा. तो पुढे झेपावतो आणि होडी मागे सरकते. तिला मागे सरकायला धक्क्याची गरज नसते. तिच्यावरून कोणीतरी जोर देऊन निघून गेलं, एवढं पुरतं. बाटली म्हणजे ती होडी, आणि पाणी म्हणजे उडी मारणारा माणूस.

तर बाटलीत कामाची वाटणी अशी आहे. जोर हवेचा, फेकायचं वजन पाण्याचं. नुसती हवा असली तर जोर आहे पण फेकायला काही नाही; दोन लिटर दाबलेल्या हवेचं वजन दहाबारा ग्रॅमच भरतं. बाटली पाण्याने गच्च भरली तर फेकायला पुष्कळ आहे, पण हवेला जागाच उरली नाही, म्हणून जोर लगेच संपतो. तिसरा हिस्सा पाणी हा दोघांमधला व्यवहार्य समझोता आहे. ख‍ऱ्या रॉकेटमध्ये ही दोन्ही कामं इंधनच करतं. जळून जोर तोच देतो आणि वायू होऊन मागे फेकला जातो तोही तोच.

या तिसऱ्या उड्डाणाचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. साठ पौंड दाबाने पाणी तोंडातून सुरुवातीला सेकंदाला अठ्ठावीस मीटर वेगाने निघतं. हवा फैलावत जाते तसा जोर उतरतो, म्हणून सरासरी चोवीस धरू. सगळं पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच संपतं. म्हणूनच ती बाटली डोळ्यांना सापडली नाही.

पुढचा नियम मुलांना असा सांगावा, म्हणजे लॉगरिदम न शिकवता काम भागतं. रॉकेटचं वजन जितक्या वेळा निम्मं होतं, तितक्या वेळा त्याच्या वेगात, बाहेर फेकलेल्या वस्तूच्या वेगाच्या सत्तर टक्के भर पडते. आपली बाटली पंख्यांसकट रिकामी दीडशे ग्रॅम, पाणी भरून साडेसातशे. साडेसातशेचे पावणेचारशे झाले, एकदा निम्मं. पावणेचारशेचे एकशे अठ्ठ्याऐंशी, दुसऱ्यांदा. मग थोडं आणखी. म्हणजे सव्वादोन वेळा निम्मं. चोवीसचे सत्तर टक्के म्हणजे जवळपास सतरा. सतरा गुणिले सव्वादोन, अडतीस. शेवटचं पाणी हळू निघतं, म्हणून त्यातून थोडं वजा करू. बाटलीचा वेग सेकंदाला पस्तीस मीटर, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर. हा पस्तीसचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

इथे एका मुलाने हात वर केला. म्हणाला, “सर, आणखी मोठी बाटली, आणखी जास्त हवा, असं करत गेलं तर एक दिवस ती वर जाऊन राहीलच ना?”

हाच तो प्रश्न, ज्याच्यासाठी आम्ही एवढं सामान घेऊन हिंडतो. आम्ही म्हटलं, नाही राहणार. वर जाणं वेगळं आणि वर राहणं वेगळं. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमध्ये थुंब्याहून जे पहिलं रॉकेट उडालं, ते दोनशे किलोमीटरच्या आसपास गेलं. ते अंतराळच. आणि काही मिनिटांत परत खाली आलं. त्यात चूक काहीच नव्हती, ते त्याच कामासाठी होतं. पण आपल्या बाटलीचं नातं त्या रॉकेटशी आहे, उपग्रहाशी नाही.

मग मुलं म्हणतात, फार वर गेलं की गुरुत्वाकर्षण संपतं, म्हणून उपग्रह तरंगतो. हा समज अगदी चिवट आहे. साडेतीनशे किलोमीटर वर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या नव्वद टक्के असतं. तिथे एखादी शिडी उभी करता आली आणि तिच्या टोकावरून आपण पाय सोडला, तर आपण सरळ खाली येऊ.

आता मुलांना शाळेच्या गच्चीकडे बघायला सांगितलं. शाळा बैठी आहे, गच्ची पाच मीटर उंच. समजा बाटली तिथून आडवी सोडली. (प्रत्यक्षात सोडायची नाही, समोर माणसं असतात. हे फळ्यावरच करायचं.) बाटली पुढे जाईल आणि त्याच वेळी पडतही राहील. पाच मीटर पडायला एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदात ती पुढे जाईल पस्तीस मीटर. मग जमीन.

पण जमीन सपाट कुठे आहे? पृथ्वी गोल आहे, म्हणजे पुढे जावं तशी ती आपल्या पायाखालून वाकत जाते. पस्तीस मीटरमध्ये ती किती वाकते? हिशेब केला तर एक मिलिमीटरचा दहावा भाग. वहीच्या एका कागदाची जाडी. म्हणजे बाटली पडली पाच मीटर आणि जमीन तिच्यापासून खाली सरकली एक कागद. ही शर्यत जमीनच जिंकणार.

वेग वाढवत न्या. बाटली प्रत्येक सेकंदाला तेवढीच पडते, जवळजवळ पाच मीटर, कितीही वेगाने फेका. पण तेवढ्या सेकंदात ती जास्त लांब जाते आणि तिथे पृथ्वी जास्त वाकलेली असते. असा एक वेग आला पाहिजे की एका सेकंदात ती जितकी पडते नेमकी तितकीच पृथ्वीही वाकलेली असेल. तो वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर. त्या वेगाने ती पडतच राहते, आणि जमीन तितकीच खाली सरकत राहते. उपग्रह पडत नाही असं नाहीच मंडळी. तो सतत पडतो आणि त्याला जमीन सापडत नाही. डोंगरावरची तोफ आणि तिचे गोळे कल्पून न्यूटनने हेच सांगितलं होतं. तोफेऐवजी आम्ही गच्ची घेतली एवढंच.

मग रॉकेट आधी सरळ वर का जातं? ७.९ किलोमीटरच्या वेगाने गच्चीवरून गेलं तर हवाच त्याला जाळून टाकेल, म्हणून. वर जाणं हे हवेतून बाहेर पडण्यासाठी, आणि ते झालं की रॉकेट हळूहळू कलत जवळजवळ आडवं होतं. खरा खर्च या आडव्या धावण्याचा. एक किलो वस्तू साडेतीनशे किलोमीटर उचलायला जितकी ऊर्जा लागते, त्याच्या नऊपट ऊर्जा तिला तो आडवा वेग द्यायला लागते. टीव्हीवर आपण टाळ्या वाजवतो ते वर उठताना, तेव्हा मुख्य काम अजून व्हायचंच असतं.

त्या मुलाला मोठ्या बाटलीचं उत्तर अजून द्यायचं होतं. पाणी तेवढ्याच वेगाने, चोवीसने, बाहेर पडत असेल तर प्रत्येक निम्मेपणाला सतरा मीटरचा वेग मिळतो. ७,९०० मिळवायला वजन साडेचारशेहून अधिक वेळा निम्मं व्हायला हवं. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दाणे दुप्पट करणाऱ्या राजाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. तिथे घरं फक्त चौसष्ट होती आणि राजाचं कोठार संपलं. इथे विश्वातलं सगळं पाणी पुरणार नाही. म्हणून जळते वायू हवेत, जे सेकंदाला साधारण तीन किलोमीटरने निघतात. तेव्हा प्रत्येक निम्मेपणाला दोन किलोमीटरहून थोडं जास्त मिळतं. हवेचा अडथळा आणि वर चढण्याचा खर्च धरून सव्वानऊ-साडेनऊ किलोमीटर लागतात, म्हणजे साडेचार वेळा निम्मं. बावीस-तेवीस किलोतला एक किलो उरतो, आणि त्या एका किलोत टाक्या, इंजिनं, तारा सगळं आलं. म्हणून रिकाम्या झालेल्या टाक्या वाटेत टाकून देतात. टप्प्यांचं रॉकेट म्हणतात ते हेच.

आता पस्तीसच्या आकड्याकडे येतो.

७ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोचं नवं छोटं रॉकेट, एसएसएलव्ही, पहिल्यांदा उडालं. उंची चौतीस मीटर, वजन एकशेवीस टन. त्यावर दोन उपग्रह होते, आणि त्यातला आठ किलोचा आझादीसॅट देशभरातल्या पंच्याहत्तर शाळांमधल्या साडेसातशे मुलींनी हातभार लावून तयार केलेला होता. आपल्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत त्यांच्याच वयाच्या मुली.

या रॉकेटचे तिन्ही मोठे टप्पे घन इंधनाचे. घन इंधन दिवाळीतल्या बाणासारखं असतं. एकदा पेटलं की थांबवता येत नाही, कमीजास्त करता येत नाही. आपली खिट्टी ओढल्यावर बाटलीचं होतं तसंच. त्यामुळे शेवटी वेगात थोडा फरक राहतोच. तो भरून काढायला सगळ्यात वर एक छोटी, द्रव इंधनाची यंत्रणा असते. ती चालू-बंद करता येते. किराणा दुकानदार आधी पसा भरून डाळ तागडीत टाकतो आणि मग चिमटीने वजन नेमकं करतो, ती चिमटी म्हणजे ही यंत्रणा.

तिन्ही टप्पे व्यवस्थित जळले. पण दुसरा टप्पा सुटून वेगळा होताना रॉकेटला अगदी क्षणभर जोराचा हादरा बसला. रॉकेटला आपला वेग कळतो तो प्रवेग मोजणाऱ्या उपकरणांवरून. रस्त्यावरचे मैलाचे दगड त्याला नसतात. त्या हादऱ्यात ही उपकरणं त्यांच्या मापाच्या टोकाला गेली. संगणकाने ते वाचलं आणि ठरवलं की उपकरणंच बिघडलीत. खरं तर ती बिघडली नव्हती. पण संगणक आपत्कालीन पद्धतीवर गेला, आणि त्या पद्धतीत चिमटीचं काम झालंच नाही.

परिणाम काय? उपग्रह ३५६ किलोमीटर उंचीवर पोचले होते. उंची बरोबर! हवी होती ३५६ किलोमीटरची गोल कक्षा. मिळाली ती लांबट, एका टोकाला ३५६ आणि दुसऱ्या टोकाला ७६ किलोमीटर. या दोन आकड्यांवरून वेग किती कमी पडला ते काढता येतं. त्या उंचीवर हवा होता सेकंदाला ७.७० किलोमीटर, आणि मिळाला साधारण ७.६२. कमी पडले ऐंशी मीटर. शंभरातला एक. आपल्या बाटलीच्या वेगाच्या जेमतेम सव्वादोनपट.

मुलांना वाटतं, थोडा वेग कमी तर उपग्रह थोडा खालून फिरेल, बिघडलं काय? पण तसं होत नाही. इंजिन बंद झाल्यावर उपग्रह पृथ्वीला वळसा घालून पुन्हा त्याच जागी येतो. जिथे वेग कमी पडला तिथली उंची कायम राहते आणि कमतरता निघते पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. या उंचीवर सेकंदाला एक मीटर वेग कमी पडला तर पलीकडची बाजू साडेतीन किलोमीटर खाली येते. ऐंशी मीटर कमी म्हणजे दोनशे ऐंशी किलोमीटर खाली. सत्त्याहत्तर-शहात्तर किलोमीटरवर हवा विरळ असली तरी त्या वेगाला ती भिंतीसारखी. दोन्ही उपग्रह लगेचच वातावरणात शिरून नष्ट झाले.

इस्रोने कारण शोधलं, टप्पा वेगळा करण्याची यंत्रणा बदलली आणि उपकरणं बिघडली हे ठरवण्याचा संगणकाचा नियमही सुधारला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरं एसएसएलव्ही उडालं आणि तिन्ही उपग्रह साडेचारशे किलोमीटरच्या गोल कक्षेत गेले. त्यातला एक आझादीसॅट-२ होता.

कोनमापक धरणाऱ्या मुलीने हे सगळं ऐकून विचारलं, “आणि ऐंशी मीटर जास्त झाले असते तर?”

आम्ही तिलाच सांगितलं, तू काढ. तिने नियम उलटा लावला: पलीकडची बाजू तितकीच, म्हणजे जवळजवळ दोनशे ऐंशी किलोमीटर, वर गेली असती. कक्षा लांबट, पण उपग्रह शाबूत. आणि वेग आणखी वाढवत ७.७ चा १०.९ केला, तर पलीकडची बाजू उरतच नाही; वस्तू परत येत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, म्हणजे चुकायचंच असेल तर जास्तीकडे चुकावं. आम्ही म्हटलं, हो, पण जास्तीचं इंधन न्यायला पुन्हा तो बावीस किलोतल्या एका किलोचा हिशेब आडवा येतो. त्यावर ती पुन्हा फळ्याकडे गेली.

आता तुमचे प्रश्न घेऊ. बाटली टेबलावर आहे, पण हवा आम्ही काढून ठेवली आहे.